कोल्हापुरी चप्पल ऑनलाइन: 899 चा भाव कुठे बुडत होता आणि नवा भाव कसा बसवला

10 नोव्हेंबर 2025

काम एवढंच आहे: मार्केटप्लेसवर 899 रुपयांना जाणाऱ्या पुरुषांच्या कोल्हापुरी चपलेचा भाव नव्याने बसवायचा. त्यात कमिशन, कुरिअर आणि परत येणारे जोड या तिन्हींचा खर्च निघाला पाहिजे. माल सांगली जिल्ह्यातल्या कारागिरांकडून येतो आणि पिकअप सांगलीतूनच होतो. कोल्हापुरी चपलेच्या जीआय नोंदणीत महाराष्ट्र आणि कर्नाटकातले मिळून आठ जिल्हे आहेत, त्यात सांगली आणि सातारा दोन्ही येतात. हाच माल विकणारे आसपास बरेच आहेत, त्यांना ही नोंद कामाला येईल.

पहिलं काम आकडे नीट गोळा करण्याचं. मार्केटप्लेसच्या पॅनेलवर महिनावार रिटर्नची टक्केवारी दिसते, ती इथे चालत नाही. ऑक्टोबरात परत आलेले जोड बरेचसे सप्टेंबरात गेलेले असतात, आणि ऑक्टोबरात विक्री दिवाळीमुळे वाढलेली असते. भागाकार मोठ्या आकड्याने होतो आणि रिटर्न कमी दिसतात. म्हणून 22 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर या काळात रवाना झालेल्या ऑर्डर घेतल्या आणि त्यातल्या प्रत्येकीचं शेवटी काय झालं ते ऑर्डर नंबरवरून लावलं. 22 सप्टेंबर निवडायचं कारण असं, की त्या दिवसापासून 2,500 रुपयांपर्यंतच्या पादत्राणांचा जीएसटी 5 टक्के झाला. त्याआधीचे हिशेब 12 टक्क्यांचे आहेत, दोन्ही एकत्र केले तर काहीच कळत नाही.

शंभर जोडांमागे निघालेलं चित्र: 68 ग्राहकाने ठेवले, 20 ग्राहकाने घेऊन परत केले, 12 ग्राहकापर्यंत पोचलेच नाहीत किंवा दारातून परत आले. या शेवटच्यांना पुढे आरटीओ म्हटलं आहे. रिटर्न आणि आरटीओ वेगळे ठेवणं गरजेचं आहे, कारण दोघांचा खर्च वेगळा आणि उपायही वेगळा.

12 नोव्हेंबर

जुना 899 चा भाव कसा आला होता ते उलगडलं. कारागिराकडून जोड 520 रुपयांना, खोका, पिशवी, लेबल 28, पॅकिंगची मजुरी 12. म्हणजे माल तयार होऊन 560. त्यावर कुरिअर 103, मार्केटप्लेसची ठरावीक फी 30 आणि नफा 90 धरून 783. त्यात 11 टक्के कमिशन आणि 5 टक्के जीएसटी मिळवून 908, म्हणून भाव 899.

या हिशेबात दोन भोकं आहेत. पहिलं छोटं: कमिशन खर्चावर लागत नाही, ते विक्रीच्या पूर्ण भावावर लागतं, जीएसटी धरून. त्यामुळे खर्चात 16 टक्के मिळवून चालत नाही, भागावं लागतं. विक्रीच्या प्रत्येक रुपयातून जीएसटी जाऊन 95.2 पैसे उरतात, त्यातून कमिशनचे 11 पैसे गेले की 84.2 पैसे हातात येतात. म्हणून 783 ला 0.842 ने भागायचं. उत्तर 930 येतं. 899 ला विकलं की 90 रुपये धरलेला नफा प्रत्यक्षात 64 च होता.

दुसरं भोक मोठं आहे: परत येणाऱ्या जोडांचा खर्च त्यात कुठेच नव्हता.

एका रिटर्नचा खर्च असा बसतो. आमच्या फी-पत्रकाप्रमाणे रिटर्न झाला की कमिशन आणि ठरावीक फी परत मिळते, पण जातानाचं कुरिअर परत मिळत नाही आणि येतानाचं वेगळं लागतं. जाताना 103, येताना 135. परत आलेल्या चारांपैकी तीन जोड पुसून, नवा खोका लावून पुन्हा विकता येतात, त्याला प्रत्येकी 25 रुपये जातात. चौथा ऑनलाइन चालत नाही. तळाला ओरखडे आलेले असतात किंवा अंगठ्याजवळ चामडं वाकलेलं असतं. तो दुकानदाराला 350 ला द्यावा लागतो, म्हणजे 210 चं नुकसान. हे सगळं सरासरीने पसरलं तर एका रिटर्नमागे 309 रुपये जातात. आरटीओ स्वस्त पडतो: जातानाचे 103 आणि नवं पॅकिंग 15, एकूण 118. तुमच्या मार्केटप्लेसवर आरटीओचं जातानाचं कुरिअर माफ असू शकतं किंवा येतानाचंही लागत असू शकतं, हा आकडा फी-पत्रक उघडूनच घ्या.

आता शंभर जोड मांडा. ठेवलेल्या 68 जोडांवर 64 प्रमाणे 4,352 रुपये आले. 20 रिटर्नमध्ये 6,180 गेले, 12 आरटीओत 1,416. शंभर जोड पाठवून 3,244 रुपये घरातून गेले. विक्री वाढत होती तसा तोटाही वाढत होता, आणि बँकेत दर आठवड्याला पैसे जमा होत असल्याने तो दिसत नव्हता.

14 नोव्हेंबर

भावाला हात लावायच्या आधी खोका मोजला. कुरिअरचा दर प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यातलं जे जास्त असेल त्यावर लागतो. आकारमानाचं वजन म्हणजे लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 ने भागायचं, उत्तर किलोत येतं.

जुना खोका बुटाचा होता, 33 बाय 19 बाय 11.5. त्याचं आकारमानाचं वजन 1.44 किलो येतं. आठ नंबरचा जोड खोक्यासकट काट्यावर 860 ग्रॅम भरतो. म्हणजे अर्ध्या किलोहून जास्त हवेचे पैसे भरले जात होते, आणि फक्त जातानाचे नव्हे, रिटर्न आला की येतानाचेही.

कोल्हापुरी चपलेला बुटासारखा उभा भाग नसतो. दोन्ही पाय तळाला तळ लावून आडवे ठेवले तर 31 बाय 14 बाय 9 च्या खोक्यात बसतात. आकारमानाचं वजन 0.78 किलो, प्रत्यक्ष 860 ग्रॅम, दोन्ही एक किलोच्या आत. पट्टे दबू नयेत म्हणून दोन्ही कानांखाली कागदाची गुंडाळी घालायची आणि गोंडा आतल्या बाजूला वळवायचा. तसं न करता पाठवलेल्या जोडांचा पट्टा चपटा होऊन बसतो आणि ग्राहकाला तो वापरलेला वाटतो.

दर आमच्याकडे असे आहेत: पश्चिम विभागात एक किलोपर्यंत 63, बाहेर 95. दीड किलोला 78 आणि 120. शंभरातल्या 40 ऑर्डर विभागातल्या, 60 बाहेरच्या, म्हणून सरासरी 103 वरून 82 वर आली. सांगलीहून बेळगाव नागपूरच्या मानाने कितीतरी जवळ, पण बेळगाव दक्षिण विभागात असल्याने बाहेरचा दर लागतो. तेव्हा अंतरावरून अंदाज बांधू नका, ऑर्डरची यादी राज्यवार लावून सरासरी काढा. येतानाचं कुरिअर 135 वरून 110 झालं.

नुसत्या खोक्याने शंभर जोडांमागचा तोटा 3,244 वरून 644 वर आला. भाव तोच, 899.

18 नोव्हेंबर

नव्या खोक्यातून गेलेल्या काही पार्सलांना तरीही दीड किलोचा दर लागला. पॅनेलवर वजनाच्या रकान्यात 1.02 किलो दिसत होतं. कारण बाहेरची पिशवी निघाली. पिशवी मोठ्या मापाची होती आणि आत बबल रॅपचा एक वेढा होता, त्यामुळे पार्सल फुगून 34 बाय 15 बाय 10 झालं. गुणाकार 5,100, भागिले 5000, म्हणजे एक किलोच्या वर वीस ग्रॅम. कुरिअरच्या हबवरचं यंत्र पिशवीचा सगळ्यात बाहेरचा कोपरा धरून मोजतं, आतला खोका किती आहे हे ते पाहत नाही.

बबल रॅप काढला, खोक्याला घट्ट बसणारी पिशवी घेतली, उरलेलं तोंड दुमडून चिकटवलं. प्रत्येक साइजच्या पॅक केलेल्या पार्सलचा टेप लावून आणि काट्यावर ठेवून फोटो काढून ठेवला. वजनाची तक्रार करायला मुदत असते, आणि ती मंजूर होते तेव्हा अशाच फोटोवर होते. पण फुगलेल्या पिशवीसाठी तक्रार करून उपयोग नाही, तिथे यंत्र बरोबर असतं.

21 नोव्हेंबर

आज भाव काढला. परत येणाऱ्या मालाचा बोजा भावात घालताना एका ठिकाणी हमखास गल्लत होते, ती आधी लिहितो. नव्या खोक्याने एका रिटर्नचा खर्च 263 आणि आरटीओचा 97 झाला. शंभर जोडांमागे 20 रिटर्न आणि 12 आरटीओ म्हणजे 6,424 रुपये. हे शंभराने भागले तर जोडामागे 64 येतात आणि तेवढेच भावात मिळवले जातात. पण पैसे देणारे ग्राहक शंभर नाहीत, 68 आहेत. परत आलेल्या 32 जोडांनी काहीच दिलेलं नाही. म्हणून 68 ने भागायचं, आणि मग बोजा 94 येतो. हा तीस रुपयांचा फरक म्हणजे धरलेल्या नफ्याचा तिसरा हिस्सा.

शीटमध्ये हे असं बसवलं आहे. C2 माल, C3 कुरिअर, C4 ठरावीक फी, C5 परतीचा बोजा, C6 हवा तो नफा, C7 कमिशन (11 टक्के असेल तर 0.11). C8 शंभरातले रिटर्न, C9 एका रिटर्नचा खर्च, C10 शंभरातले आरटीओ, C11 एका आरटीओचा खर्च.

```
C5:   =(C8*C9+C10*C11)/(100-C8-C10)
भाव:  =(C2+C3+C4+C5+C6)/(1/1.05-C7)
```

आकडे घातल्यावर भाव 1,017 आला. आणि इथे अडलं. फी-पत्रकात हजाराच्या वर कमिशन 11 चं 14 टक्के होतं आणि ठरावीक फी 30 ची 55. म्हणजे 1,017 हा भाव ज्या दराने काढला तो दर 1,017 ला लागूच नाही. वरच्या दराने पुन्हा काढला तर 1,085 येतो.

मधला पट्टा तपासून पाहिला. 999 ला विकलं तर जोडामागे 75 रुपये उरतात. 1,049 ला विकलं तर 61. ग्राहकाकडून पन्नास रुपये जास्त घ्यायचे आणि हातात चौदा कमी यायचे. 999 इतकेच पैसे पुन्हा हातात यायला भाव 1,067 व्हावा लागतो. म्हणून 1,000 ते 1,067 हा आमच्यासाठी मेलेला पट्टा आहे, त्यात कुठलाही भाव ठेवायचा नाही. तुमच्या पत्रकात पायऱ्या 300, 500 अशा ठिकाणीही असू शकतात. प्रत्येक पायरीच्या वर असा पट्टा असतो आणि तो शोधायला पायरीच्या अलीकडच्या भावात हातात काय येतं ते काढून, पलीकडे तेवढंच कधी येतं ते पाहायचं.

पूर्वी हजारावर जीएसटीचीही पायरी होती, 12 वरून 18 टक्के. ती आता 2,500 वर गेली आहे. जुन्या शीटमध्ये हजाराच्या वर 18 टक्के लिहिलेलं असेल तर ते काढून टाका, नाहीतर 1,100 च्या आसपासचे भाव उगाच तोट्यात दिसतील.

दोनच पर्याय उरले: 999 वर 75 रुपये, किंवा 1,099 वर 101. 1,099 वर गेलं की "हजाराच्या आत" हा फिल्टर लावणाऱ्या ग्राहकाला जोड दिसणारच नाही. म्हणून 999 ठेवायचं ठरलं आणि राहिलेलं अंतर रिटर्न कमी करून भरायचं. विसाचे चौदा रिटर्न झाले तर परतीचा बोजा 94 वरून 66 वर येतो आणि 999 वरच 104 उरतात. सहा रिटर्न कमी करणं हे भाव शंभर रुपयांनी वाढवण्याइतकंच भरतं.

25 नोव्हेंबर

रिटर्नची कारणं साइजवार लावली. बहुतेक परती "लहान पडते" या कारणाने, आणि त्यातही आठ आणि नऊ नंबरच्या. लिस्टिंगमध्ये मार्केटप्लेसचा तयार साइज चार्ट लावलेला होता, तो बुटांचा आहे. हाताने कापलेल्या चपलेला तो लागू पडत नाही.

दुसरं कारण चामड्याचं. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं पहिल्यांदा कडक असतं, वापरात सैल होतं. पट्टा सुरुवातीला घट्ट असणं ही चपलेची चांगली खूण आहे, पण ते ग्राहकाला कुणी सांगितलेलं नसतं. एका कारागिराने ते नेमकं मांडलं: "दादा, दोन-चार दिसांत चामडं पायावर बसतंय, पण ऑनलाइनवाला दोन दिस थांबतोय कुठं?"

केलं ते असं. प्रत्येक साइजचे जोड घेऊन आतली लांबी टाचेपासून अंगठ्याच्या टोकापर्यंत पट्टीने मोजली. एकाच नंबरच्या जोडांमध्ये काही मिलिमीटरचा फरक निघाला. तक्त्यात सगळ्यात छोटा निघालेला आकडा घातला, सरासरी घातली नाही. कारण मोठा आलेला जोड ग्राहक ठेवतो, लहान आलेला परत करतो. फोटोंमध्ये दुसऱ्या क्रमांकावर तक्ता टाकला: कागदावर पाय ठेवून टाच ते सगळ्यात लांब बोट सेंटिमीटरमध्ये मोजा, आणि त्या मापाला कुठला नंबर घ्यायचा. खाली एकच वाक्य, पट्टा पहिले काही दिवस घट्ट लागेल, तळाबाहेर बोट येत नसेल तर माप बरोबर आहे. हेच वाक्य खोक्यात चिठ्ठीवरही घातलं, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत.

कारागिरांकडे आठ आणि नऊचा कापायचा साचा पुन्हा जुळवून घेतला. दोन घरांचे नऊ नंबर एकमेकांशी जुळत नव्हते. एका लिस्टिंगखाली दोन्ही घरांचा माल मिसळला की ग्राहकाचं माप बरोबर असूनही जोड चुकतो. आता एका साइजला एकच घर.

28 नोव्हेंबर

भाव बदलायच्या आधी लेबलवरची एमआरपी पाहिली. जुन्या लेबलांवर 999 छापलेलं आहे. 999 ला विकायला हरकत नाही, पण कापलेल्या किमतीशेजारी सूट दिसत नाही आणि पुढे भाव वाढवायला जागाही उरत नाही. छापील एमआरपीवर जास्त किमतीचा स्टिकर लावता येत नाही, कमी किमतीचा लावता येतो. म्हणून जुनी लेबलं असलेला माल 999 लाच संपवायचा आणि नव्या मालाला 1,299 ची लेबलं. लिस्टिंगमधली एमआरपी आणि खोक्यावरची एमआरपी वेगळी असेल तर ग्राहकाची तक्रार टिकते, म्हणून नवी लेबलं लागलेला माल वेगळ्या रॅकवर ठेवला आणि लिस्टिंगवरची एमआरपी जुना साठा संपल्यावरच बदलायची.

1 डिसेंबर

भाव 999 केला.

9 डिसेंबर

पहिल्या आठवड्यात ऑर्डर सुमारे चौथ्या हिश्शाने कमी झाल्या. हे होणार हे धरलेलंच होतं. इथे घाबरून भाव पुन्हा 899 करण्याचा मोह होतो, तो टाळायला कागदावर एक हिशेब काढून ठेवा: जुन्या भावाला, जुन्या खोक्यात शंभर जोडांवर 3,244 चा तोटा होता. नव्या भावाला 75 च जोड गेले आणि धरलेला नफा थोडा कमी मिळाला तरी पाच हजारांच्या आसपास हातात येतात. पॅकिंगचं काम कमी, गुंतलेला माल कमी.

सेटलमेंटमध्ये 999 च्या एका ठेवलेल्या जोडाचे बँकेत सरासरी 731 रुपये आले. 999 मधून कमिशन 110, ठरावीक फी 30, कुरिअर 82, या तिन्हींवर 18 टक्के जीएसटी 40, आणि जवळपास सहा रुपये टीसीएस-टीडीएसचे. जीएसटीचा टीसीएस अर्धा टक्का आणि आयकराचा टीडीएस 0.1 टक्का. हे सहा रुपये खर्च नाहीत. टीसीएस पोर्टलवर स्वीकारला की कॅश लेजरमध्ये येतो, टीडीएस आयकर विवरणपत्रात वळता होतो. भावात ते घालायचे नाहीत, पण दर महिन्याला स्वीकारायचे राहिले तर तिथेच पडून राहतात.

फीवरच्या 18 टक्क्यांचं मात्र नीट समजून घ्यायला हवं. हा भरलेला कर विक्रीवर द्यायच्या करातून वजा होतो, म्हणून "क्रेडिट मिळतं, म्हणजे खर्च नाही" असं सगळे धरून चालतात. जोड विकताना आपण 5 टक्के देतो, 999 वर 47 रुपये 57 पैसे. क्रेडिट मिळतं ते 40 रुपये ठेवलेल्या जोडाच्या फीचं, आणि वर रिटर्न-आरटीओच्या कुरिअरवरचं. जुन्या भावात, जुन्या खोक्यात आणि 20 रिटर्नमध्ये हे क्रेडिट ठेवलेल्या जोडामागे 57 रुपयांच्या पुढे जात होतं आणि द्यायचा कर होता 43. उरलेले पंधरा रुपये क्रेडिट लेजरमध्ये साचत होते. दर उलटा असल्याचा, म्हणजे खरेदीवरचा दर विक्रीवरच्या दरापेक्षा जास्त असल्याचा, परतावा मागायची जी तरतूद आहे, ती विकत घेतलेल्या मालावरच्या कराला लागू होते, सेवांवरच्या कराला नाही. कमिशन आणि कुरिअर या सेवा आहेत. कारागीर जीएसटी नोंदणीत नसल्याने मालावर क्रेडिट मुळातच नाही. म्हणजे ते पंधरा रुपये नावावर आपले, हातात कधीच न येणारे. रिटर्न जास्त असतील तर फीवरचा काही जीएसटी खर्चातच धरा.

29 डिसेंबर

1 ते 10 डिसेंबरात रवाना झालेल्या ऑर्डरचा निकाल बहुतेक लागला. शंभरामागे 72 ठेवले, 15 रिटर्न, 13 आरटीओ. चौदाचा अंदाज एकाने हुकला, आरटीओ एकाने वाढला. बोजा 72 रुपये, जोडामागे नफा 97. लेजरमध्ये साचणारं क्रेडिट पंधरावरून दोन-अडीच रुपयांवर आलं.

आरटीओवर तक्त्याचा काहीही परिणाम झाला नाही, होणारही नव्हता. ते जवळपास सगळे कॅश ऑन डिलिव्हरीचे आहेत. त्यात फरक पडतो तो ऑर्डर आली त्याच दिवशी माल निघाला तर. पिकअप दुपारी येतो, म्हणून सकाळपर्यंत आलेल्या ऑर्डर आधी बांधायच्या, हा क्रम लावला आहे. परिणाम जानेवारीच्या आकड्यांत दिसेल.

5 जानेवारी 2026

प्रजासत्ताक दिनाच्या सेलसाठी दहा टक्के सूट द्या असं पॅनेलवर आलं. सूट विक्रेत्याच्या खिशातून. तळभाव म्हणजे ज्याच्या खाली तोटा, तो आत्ताच्या प्रमाणात 884 आहे. 899 त्याच्या वर दिसतो, जोडामागे तेरा रुपये सुटतात असं वाटतं. पण सेलमध्ये घाईने, दोन-दोन साइज मागवून बघणारे ग्राहक येतात. दिवाळीतल्या सेलच्या ऑर्डर वेगळ्या काढल्या तर रिटर्न आणि आरटीओ दोन्ही नेहमीपेक्षा चढे होते. 19 आणि 14 धरले तर बोजा 95 होतो आणि 899 ला जोडामागे जवळपास दहा रुपये घरातून जातात. पाच टक्के, म्हणजे 949 धरले तर त्याच परतीत 32 रुपये उरतात. पाच टक्के भरले, दहा नाकारले. सेलचा तळभाव नेहमी सेलच्या रिटर्नवर काढायचा.

12 जानेवारी

दहा नंबरचा हिशेब वेगळा निघाला. दुहेरी तळाचा दहा नंबर खोक्यासकट 1,020 ग्रॅम भरतो. इथे हवा नाही, चामडंच तेवढं आहे, म्हणून दीड किलोचा दर टळत नाही. कारागीर त्याचे तीस रुपये जास्त घेतात. 999 ला या जोडावर 33 रुपयेच उरतात. बाकी साइजचा नफा तो खात होता.

एका लिस्टिंगखाली प्रत्येक साइजचा स्वतःचा कोड असतो आणि भाव कोडला लागतो, त्यामुळे एकाच साइजचा भाव वेगळा ठेवता येतो. वरच्या कमिशनने काढला तर 1,137 येतो, मेलेल्या पट्ट्याच्या बऱ्याच पुढे. दहा नंबर 1,149 केला, 1,299 च्या लेबलाच्या मालालाच. तळाचा एक थर कमी करून तो एक किलोच्या आत आणता येईल का, हे कारागिराला विचारलं होतं. त्याने नको म्हटलं, दहा नंबरच्या माणसाचं वजन धरून तो थर असतो, आणि ते पटण्यासारखं आहे. फोटोतल्या यादीत दहा नंबरसमोर "दुहेरी तळ" एवढं लिहून ठेवलं, म्हणजे भावातला फरक ग्राहकाला कळेल.